संस्थापक बाहेरच्याला शेअर विकतो तेव्हा: आर्टिकल्समधली अट, अर्जाचे कागद आणि मुदती

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा शेअर बाजारात मांडून विकता येत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(६८) नुसार अशा कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, शेअर हस्तांतरावर निर्बंध असावेच लागतात. ते कोणते, हे मात्र प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. त्यामुळे खरेदीदाराशी भाव ठरवण्याआधी आर्टिकल्सची सध्याची प्रत वाचा. ती जवळ नसेल तर कंपनी निबंधकाकडे दाखल झालेली प्रत कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर शुल्क भरून पाहता येते.

अनेक कंपन्या कायद्यातला नमुना, म्हणजे टेबल एफ, जसाच्या तसा उचलतात. त्यात नापसंत माणसाच्या नावे हस्तांतर नाकारण्याचा संचालकांचा अधिकार पूर्ण पैसे न भरलेल्या शेअरपुरता आहे. पूर्ण भरलेला शेअर आधी जुन्या सभासदांना देऊ करा, असं तो नमुना कुठेच म्हणत नाही. संस्थापकांच्या आपसातल्या करारात ती अट असते, पण आर्टिकल्समध्ये घालायची राहून जाते. व्ही. बी. रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आर्टिकल्समध्ये नसलेला निर्बंध कंपनीवर किंवा भागधारकांवर बंधनकारक नाही. करार करून निर्धास्त बसलेल्यांनी हे आधी तपासावं.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कंपनीचे १०,००० शेअर आहेत: अ कडे ४,०००, ब आणि क कडे प्रत्येकी ३,०००. अ ला आपले सगळे शेअर बाहेरच्या एका गुंतवणूकदाराला ५०० रुपये दराने, म्हणजे २० लाखांना विकायचे आहेत. आर्टिकल्स म्हणतात की शेअर आधी इतर सभासदांना त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणात देऊ करावेत आणि त्यांनी ३० दिवसांत उत्तर द्यावं. म्हणून अ ने कंपनीला लेखी हस्तांतर-सूचना द्यायची. तीत शेअरची संख्या, दर आणि खरेदीदाराचं नाव स्पष्ट हवं. मग ब आणि क ला २,००० – २,००० शेअर देऊ केले जातात.

समजा ब ने होकार दिला आणि क ने नकार. क च्या वाटचे २,००० शेअर ब ला पुन्हा देऊ करायचे का? आर्टिकल्स गप्प असतील तर भांडण इथेच सुरू होतं, कारण बाहेरच्याला ४,००० हवे होते. निम्म्यात त्याला रस नसतो. म्हणून सूचनेत 'सर्व शेअर घेतले गेले तरच विक्री' अशी अट घालता येते का, हे आर्टिकल्समध्ये आधी पाहावं. दोघांनीही नकार दिला तर तो लेखी घ्या. त्यानंतर बाहेरच्याला ४५० रुपयांनी विकलं, तर सभासदांना मूळ देकार खोटाच होता असं म्हणता येतं. दर उतरला की सूचना नव्याने द्यावी, हे उत्तम.

कागद फार नाहीत. विकणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्यांचा एसएच-४ हा हस्तांतराचा फॉर्म, मूळ शेअर सर्टिफिकेट, पॅनच्या प्रती, हस्तांतर-सूचना आणि नकारपत्रं एवढं पुरतं. मुद्रांक शुल्क किमतीच्या ०.०१५ टक्के, म्हणजे इथे ३०० रुपये. ते विकणाऱ्याने भरायचं. सही झाल्यापासून ६० दिवसांत फॉर्म कंपनीकडे पोहोचला पाहिजे. सर्टिफिकेट हरवलं असेल तर आधी दुय्यम प्रत काढा. कंपनी भांडवल आणि उलाढालीवरून ठरणाऱ्या 'लघु कंपनी'च्या व्याख्येत बसत नसेल, तर विकण्याआधी शेअर डीमॅट करून घ्यावे लागतात आणि मग एसएच-४ ऐवजी डीमॅट खात्यातून शेअर वळते करण्याची सूचना जाते. खरेदीदारामुळे सभासदसंख्या २०० च्या वर जाता कामा नये, पण तीन संस्थापकांच्या कंपनीला ही काळजी नसते.

कंपनीने हस्तांतर मान्य केलं तर संचालक मंडळाचा ठराव होतो, सभासद नोंदवहीत नाव चढतं आणि फॉर्म मिळाल्यापासून महिन्याभरात सर्टिफिकेट द्यावं लागतं. नाकारलं तर ३० दिवसांत कारणांसह लेखी कळवावं लागतं. 'मंडळाला योग्य वाटलं नाही' एवढ्या एका ओळीला कारण म्हणत नाहीत. आर्टिकल्समधल्या कोणत्या कलमाचा भंग झाला, ते लिहिलेलं हवं.

फॉर्म १ जुलैला दिला आणि नकार २५ जुलैला हाती आला, तर खरेदीदाराने २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अपील करायचं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्यांसाठी ते मुंबई खंडपीठाकडे जातं. कंपनीने काहीच कळवलं नाही, तर मुदत १ जुलैपासून ६० दिवस, म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत. त्यासाठी फॉर्म दिल्याची पोच हवी; हातोहात दिला असेल तर तारखेचा शिक्का घ्या. न्यायाधिकरणाने नोंदणीचा आदेश दिला, तर तो मिळाल्यापासून १० दिवसांत कंपनीने पाळायचा असतो.