वानराच्या पोटातला पुरावा: नऊ विरुद्ध एक

मराठीत वानर वेगळं आणि माकड वेगळं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. लालसर तोंडाचं, गालात खाणं कोंबून ठेवणारं ते माकड. आपल्याकडच्या गावकऱ्यांनी केलेला हा फरक प्राणिशास्त्रालाही मान्य आहे आणि त्याचं मूळ पोटात आहे. पिंपळावर बसून तासन्‌तास पाला ओरबाडणाऱ्या वानराचं जठर अनेक कप्प्यांचं असतं. पुढच्या कप्प्यात जीवाणू पाला आंबवतात आणि मागच्या कप्प्यात वानर ते जीवाणूच पचवतं. गाईचंही साधारण असंच चालतं. माकडाच्या जठरात ही सोय नाही.

जीवाणू पचवायचे तर आधी त्यांची भिंत फोडावी लागते. त्यासाठी वानराकडे लायसोझाइम नावाचं विकर आहे. ते आपल्याकडेही आहे, अश्रूंत आणि लाळेत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये त्याची नोंद केली, तीही नाकातल्या स्रावातून. पण अश्रूंतल्या विकराला जठरातल्या आम्लात काम करावं लागत नाही आणि तिथल्या पेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकरापासून स्वतःला वाचवावंही लागत नाही. वानराच्या पूर्वजाच्या लायसोझाइमला हे दोन्ही जमवावं लागलं.

म्हणजे गोष्ट तयार आहे: नवा आहार, नवं जठर, नैसर्गिक निवडीने बदललेलं विकर. पण प्रत्येक प्रथिन काळाच्या ओघात योगायोगानेही थोडंफार बदलतच असतं. मग वानराच्या लायसोझाइममधले बदल निवडीने टिकवले की ते आपोआप साचले, हे कसं ओळखायचं?

त्याचं उत्तर जनुकातच आहे. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात आणि प्रत्येक गट, म्हणजे कोडॉन, एका अमिनो आम्लाची खूण असतो. AGA म्हणजे अर्जिनीन. यातलं शेवटचं A बदलून G झालं तर AGG होतं, आणि त्याचाही अर्थ अर्जिनीनच. प्रथिनाला पत्ताही लागत नाही. मधलं G बदलून A झालं तर मात्र AAA होतं, म्हणजे लायसिन. मराठीत ‘आणि’ऐवजी ‘आणी’ लिहिलं तरी वाक्याचा अर्थ तोच राहतो, पण ‘दिन’चं ‘दीन’ झालं की अर्थ बदलतो. पहिल्या प्रकारच्या बदलाला समानार्थी म्हणू आणि दुसऱ्याला भिन्नार्थी.

समानार्थी बदलांकडे निवडीचं फारसं लक्ष जात नाही, त्यामुळे ते जवळपास उत्परिवर्तनाच्या वेगानेच साचत जातात. तेच आपलं घड्याळ. भिन्नार्थी बदल त्या घड्याळाच्या मानाने हळू साचत असतील तर निवड ते गाळून टाकते आहे, कारण चालू यंत्रातला भाग बदलला की बहुधा यंत्र बिघडतं. दोन्हींचा वेग सारखा असेल तर प्रथिनात काय बदलतं याची निवडीला फिकीर नाही. भिन्नार्थी बदल घड्याळाच्याही पुढे धावत असतील, तर कुणीतरी त्यांना ढकलतं आहे. नुसत्या योगायोगाने ते इतके पुढे जात नाहीत. या गुणोत्तराला dN/dS म्हणतात. एकाहून कमी म्हणजे गाळणारी निवड, एक म्हणजे उदासीनता आणि एकाहून जास्त म्हणजे बदलाला अनुकूल निवड.

गुणोत्तर काढताना नुसते बदल मोजून भागत नाही. संधीही मोजावी लागते. AGA मध्ये एका अक्षराचा बदल नऊ प्रकारे होऊ शकतो. त्यांपैकी CGA आणि AGG हे दोन समानार्थी, TGA मुळे प्रथिन अर्धवट तुटतं आणि उरलेले सहा भिन्नार्थी. सगळं जनुक असं तपासलं की ढोबळमानाने तीन चतुर्थांश संधी भिन्नार्थी बदलांच्या वाट्याला येतात. म्हणून एखाद्या जनुकात सहा भिन्नार्थी आणि दोन समानार्थी बदल दिसले, तर ‘तिप्पट’ म्हणून हुरळून जायचं नाही. निवड नसतानाही नेमकं तेवढंच दिसायला हवं.

आता वानराकडे परत येऊ. 1997 मध्ये वॉल्टर मेसियर आणि कॅरो-बेथ स्टुअर्ट यांनी अनेक प्राइमेटांच्या, म्हणजे वानर, माकड आणि माणूस ज्या गणात येतात त्यातल्या प्राण्यांच्या, लायसोझाइम जनुकांची तुलना केली. एखाद्या जागी सगळ्या पानखाऊ वानरकुळात लायसिन आणि इतर सगळ्यांत अर्जिनीन असेल, तर तो बदल वंशवृक्षावर वानरकुळाच्या समाईक पूर्वजाकडे जाणाऱ्या फांदीवरच झाला असणार. अशा रीतीने त्यांनी पूर्वजांचे जनुकक्रम जुळवले आणि प्रत्येक फांदीवरचे बदल स्वतंत्र मोजले. फांदी वेगळी काढणं फार महत्त्वाचं होतं. त्या फांदीच्या आधी आणि नंतरही लायसोझाइमवर गाळणारीच निवड चालू होती. सगळ्या प्राण्यांची एकत्र सरासरी काढली असती तर मधली धावपळ त्यात बुडून गेली असती.

त्यांना वानरकुळाच्या फांदीवर भिन्नार्थी बदलांचा जोर दिसला. तो अपेक्षितच होता. पण तसाच जोर आणखी एका फांदीवर दिसला, जिची कुणालाच कल्पना नव्हती: गिबन, चिंपांझी आणि माणूस यांच्या समाईक पूर्वजाकडे जाणारी फांदी. आपली फांदी.

त्याच वर्षी जियानझी झांग, सुधीर कुमार आणि मासातोशी नेई यांनी हरकत घेतली की इतक्या थोड्या बदलांवर मोठ्या नमुन्यांसाठीची चाचणी वापरली तर ती फारच सैल पडते. 1998 मध्ये झिहेंग यांग यांनी 24 प्राइमेटांची माहिती वेगळ्या पद्धतीने तपासली. जुळवलेला पूर्वज म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेला पूर्वज नव्हे, म्हणून त्यांनी एकच पूर्वज खरा धरला नाही. सगळे शक्य पूर्वज आपापल्या संभाव्यतेच्या वजनाने हिशेबात घेतले. उत्तर आलं ते असं: माणसाकडच्या फांदीवर सुमारे नऊ भिन्नार्थी आणि शून्य समानार्थी बदल, वानरांच्या फांदीवर सुमारे नऊ आणि एक.

आता निकाल. माणसाकडच्या फांदीवरचं गुणोत्तर एकाहून खात्रीने जास्त ठरलं. वानरांच्या फांदीवरचं ठरलं नाही. जिच्यामागे जठर, आम्ल आणि पाला एवढी सगळी कहाणी उभी होती, तीच फांदी कडक चाचणीत अडकली, एका समानार्थी बदलामुळे.

हे कसं झालं ते कागद-पेन्सिलीने पाहता येतं. समजा निवड उदासीन आहे आणि प्रत्येक बदल भिन्नार्थी असण्याची शक्यता 75 टक्के आहे. दहापैकी नऊ किंवा अधिक बदल निव्वळ योगायोगाने भिन्नार्थी निघण्याची शक्यता येते सुमारे 24 टक्के. म्हणजे निवड नसतानाही दर चार वेळांत एकदा असं दिसेल. याला पुरावा म्हणता येत नाही. नऊपैकी नऊची शक्यता येते साडेसात टक्के, आणि योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली तरच पुरावा मानायचा असा प्रघात आहे. म्हणजे या ढोबळ हिशेबात दोन्ही फांद्या नापास.

पण हिशेबात एक गोष्ट राहिली. A–G आणि C–T हे बदल इतरांपेक्षा जास्त वेळा होतात, आणि कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरात ते बहुतेक समानार्थी निघतात. त्यामुळे समानार्थी बदलांची संधी 25 टक्क्यांहून वाढते. ती 30 टक्के धरली तर नऊपैकी नऊची शक्यता चार टक्क्यांवर येते आणि दहापैकी नऊची पंधरा टक्क्यांवर. पहिली फांदी पास, दुसरी अजूनही नापास. यांग यांचा खरा हिशेब यापेक्षा बराच बारीक आहे, पण ओढ हीच आहे. माझ्या मते या सगळ्या पद्धतीचं सर्वांत नाजूक ठिकाण इथेच आहे: बदल तेच असतात, पण संधी कशी मोजली त्यावर निकाल फिरू शकतो. म्हणून असा निष्कर्ष वाचताना संधीचं प्रमाण कसं धरलं ते मी आधी शोधतो.

वानरांची फांदी दुसऱ्या एका चाचणीत मात्र पास झाली. तिचं गुणोत्तर झाडावरच्या इतर फांद्यांपेक्षा खात्रीने जास्त होतं. मग एवढ्यावर अनुकूल निवड का मान्य करू नये? कारण निवडीने नुसतं लक्ष काढून घेतलं तरी गुणोत्तर वाढतं. एखादं प्रथिन निरुपयोगी झालं की त्यातले बदल गाळले जात नाहीत आणि गुणोत्तर हळूहळू एककडे सरकतं. ‘इतरांहून जास्त’ याचे दोन अर्थ निघू शकतात: नवं काम मिळालं, किंवा जुनं काम सुटलं. एकची रेघ खात्रीने ओलांडल्याशिवाय या दोहोंतला फरक ही चाचणी सांगू शकत नाही.

माणसाकडच्या फांदीवरही सावध राहायला हवं. शून्याने भागल्यामुळे तिथलं गुणोत्तर अनंत येतं. अशा आकड्याच्या मोठेपणाला काही अर्थ नसतो, अर्थ असतो तो फक्त शक्यतेच्या हिशेबाला. शिवाय ती फांदी कुणी आधी ठरवून तपासली नव्हती, ती माहिती पाहताना सापडली. वीस फांद्या चाळल्या तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर एखादी उगाचच चमकणार. वानरांची फांदी मात्र जठर पाहून आधीच निवडलेली होती.

वानरांच्या बाजूने या गुणोत्तराच्या बाहेरचा पुरावा आहे. स्टुअर्ट, शिलिंग आणि विल्सन यांनी 1987 मध्येच दाखवलं होतं की वानर आणि गाय यांच्या लायसोझाइममध्ये काही जागी तेच बदल स्वतंत्रपणे झाले आहेत, आणि त्यांत अर्जिनीन जाऊन लायसिन येणं आहे. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या होअॅत्झिन या पानखाऊ पक्ष्यातही असंच साम्य सापडलं. तीन दूरच्या कुळांनी पाला आंबवायला सुरुवात केली आणि तिघांचंही विकर एकाच दिशेने सरकलं. dN/dS ला हे दिसत नाही, कारण ते बदल किती झाले तेवढंच मोजतं. बदल कुठे झाले आणि कोणत्या अमिनो आम्लाकडे वळले, हे त्याच्या हिशेबात नाही.

लायसोझाइम 130 अमिनो आम्लांचं, म्हणजे त्याचा जनुकक्रम 390 अक्षरांचा. आणखी कितीही वानरांचे क्रम वाचले तरी त्या एका जुन्या फांदीवर झालेले बदल दहाच राहतील. ते कुठे बसले एवढंच जास्त स्पष्ट होईल. पुढचं काम प्रयोगशाळेत करावं लागतं: फांदीच्या दोन्ही टोकांचे पूर्वज-लायसोझाइम बनवायचे, आम्लात आणि पेप्सिनमध्ये ठेवायचे आणि नऊपैकी कोणत्या बदलाने टिकाव वाढतो ते एकेक करून पाहायचं. माणसाकडच्या फांदीसाठी तर पेप्सिन की आणखी काही, कशाशी गाठ घालून पाहायची तेच आधी ठरवावं लागेल.