गुणवाढ की अँकोव्हा? दोन तयार तुकड्यांची तुलना करताना

एम.एड.चा लघुप्रबंध असो की एखाद्या शिक्षकाचा कृतिसंशोधनाचा प्रकल्प, मुंबईतल्या शाळेत मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करायला सहसा कोणी परवानगी देत नाही. वेळापत्रक ठरलेलं असतं, एक तुकडी सकाळच्या सत्रात बसते, दुसरी दुपारच्या. त्यामुळे ‘अ’ तुकडी प्रायोगिक गट होते आणि ‘ब’ तुकडी नियंत्रित गट. पूर्वचाचणी घेतल्यावर कळतं की दोन्ही तुकड्या सुरुवातीलाच सारख्या नाहीत. मग मार्गदर्शक सांगतात, अँकोव्हा लाव, म्हणजे सुरुवातीचा फरक निघून जाईल. शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी मात्र प्रत्येक मुलाच्या उत्तरचाचणीतून पूर्वचाचणी वजा करून गुणवाढीची तुलना करत असतो. बहुतेकांना वाटतं की हे एकाच कामाचे दोन रस्ते आहेत. या रस्त्यांवरून निघालेली माणसं उलट निष्कर्षांवर पोहोचू शकतात, आणि तसं का होतं हे प्रबंध लिहिण्याआधी कळायला हवं.

समजा, परळमधल्या एका शाळेत आठवीच्या दोन तुकड्या आहेत, प्रत्येकी 40 मुलं. बीजगणिताची 50 गुणांची चाचणी आहे. पूर्वचाचणीत ‘अ’ चं मध्यमान 18 आलं, ‘ब’ चं 24. ‘अ’ ला नव्या पद्धतीने शिकवलं, ‘ब’ ला नेहमीप्रमाणे. त्याच काठिण्यपातळीच्या उत्तरचाचणीत ‘अ’ ला 27 मिळाले, ‘ब’ ला 31.

नुसती उत्तरचाचणी पाहिली तर ‘अ’ 4 गुणांनी मागे आहे. गुणवाढ पाहिली तर ‘अ’ 9 ने वाढली, ‘ब’ 7 ने. म्हणजे नवी पद्धत 2 गुणांनी सरस. आता अँकोव्हा. त्यासाठी आधी तुकडीच्या आतला उतार लागतो: एकाच तुकडीतल्या दोन मुलांमध्ये पूर्वचाचणीत 10 गुणांचा फरक असेल, तर उत्तरचाचणीत सरासरी किती उरतो? समजा 6 उरतो, म्हणजे उतार 0.6. पूर्वचाचणीचं एकूण मध्यमान 21. ‘अ’ त्याच्या 3 ने खाली होती, म्हणून तिच्या 27 मध्ये 0.6 × 3 = 1.8 मिळवायचे: 28.8. ‘ब’ 3 ने वर होती, म्हणून 31 मधून 1.8 वजा: 29.2. समायोजित मध्यमानांत ‘अ’ 0.4 ने मागे पडली.

आकडे तेच आहेत, चिन्ह मात्र उलटलं. गणिताची चूक कुठेही नाही. दोन्ही पद्धती एकच गोष्ट करतात: शेवटच्या फरकातून सुरुवातीच्या 6 गुणांच्या फरकाचा काही हिस्सा काढून टाकतात. गुणवाढ तो पूर्ण, म्हणजे 6 च्या 6 काढते. अँकोव्हा उताराइतका, म्हणजे 3.6 काढते. उतार 1 असता तर दोन्ही उत्तरं एकच आली असती, पण शाळेतल्या चाचण्यांत तो बहुधा 1 पेक्षा कमीच येतो. या उदाहरणात दोन-तृतीयांशच्या एका बाजूला उतार गेला की नवी पद्धत निरुपयोगी दिसते आणि दुसऱ्या बाजूला गेला की उपयोगी. म्हणून खरा प्रश्न असा आहे: नवी पद्धत वापरलीच नसती, तर ‘अ’ आणि ‘ब’ मधल्या 6 गुणांच्या दरीचं काय झालं असतं?

गुणवाढीची पद्धत मानते की दरी 6 चीच राहिली असती. अँकोव्हा मानते की ती 3.6 वर आली असती. ही दोन्ही गृहीतकं आहेत. कोणतं खरं, हे संगणक सांगत नाही. तुकड्या कशा बनल्या होत्या, यावर ते ठरतं.

एक शक्यता अशी: शाळेने त्याच पूर्वचाचणीच्या गुणांवरून मुलं वाटली. 21 च्या खालची ‘अ’ मध्ये, वरची ‘ब’ मध्ये. इथे अँकोव्हाच योग्य आहे. कमी गुण मिळालेल्यांपैकी काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो, जास्त मिळालेल्यांपैकी काहींचे अंदाज बरोबर आलेले असतात. पुढच्या चाचणीत हे नशीब निघून जातं आणि दरी आपोआप आकसते. त्यामुळे काहीही न शिकवता ‘अ’ ची गुणवाढ 2.4 ने जास्त दिसली असती. प्रत्यक्षात ती फक्त 2 ने जास्त आहे, म्हणून उरतं ते वजा 0.4. तुकडी त्या गुणांवरूनच ठरली असल्याने ते गुण हिशेबात घेतले की वेगळं काही उरत नाही. अट एवढीच की गुणांमधलं नातं दोन्ही बाजूंना सरळ रेषेचं असावं, कारण 21 च्या आसपास दोन्ही तुकड्यांतली मुलं एकमेकांत मिसळलेली नसतात.

दुसरी शक्यता मुंबईत जास्त भेटते. ‘ब’ सकाळच्या सत्राची सेमी-इंग्रजी तुकडी आहे, पाचवीपासून चालत आलेली. पालकांनी मागून घेतलेली. ‘अ’ मध्ये उरलेली मुलं. इथली दरी एका दिवसाच्या नशिबाची नाही, ती वर्षानुवर्षांची आहे. अशा वेळी ‘पूर्वचाचणीत सारखे गुण असलेल्या मुलांची तुलना’ हे वाक्य फसवं ठरतं. दोन्ही तुकड्यांत 21 गुण मिळवलेलं एकेक मूल घ्या. ‘अ’ मधलं मूल आपल्या तुकडीच्या सरासरीच्या वर आहे, म्हणून त्याच्या 21 मध्ये थोडं नशीब असण्याची शक्यता जास्त. ‘ब’ मधलं आपल्या सरासरीच्या खाली आहे, त्याचा दिवस कदाचित वाईट गेला असेल. तुकडीच्या आत चाचणीची विश्वसनीयता 0.75 असेल तर ‘अ’ मधल्या मुलाची खरी पातळी अंदाजे 18 + 0.75 × 3 = 20.25 येते, आणि ‘ब’ मधल्याची 24 − 0.75 × 3 = 21.75. कागदावर सारखी दिसणारी ही मुलं प्रत्यक्षात दीड गुणाने वेगळी आहेत. अँकोव्हा त्यांना सारखी धरते आणि मागे असलेल्या तुकडीवर अन्याय करते.

चाचणीच्या मोजमापातल्या चुकांमुळे उतारही दबतो. 0.6 ला 0.75 ने भागलं तर दबण्याआधीचा उतार 0.8 निघतो. त्याने समायोजन केलं की 6 × 0.8 = 4.8 वजा होतात आणि ‘अ’ 0.8 ने पुढे जाते. चिन्ह पुन्हा बदललं. मात्र ही दुरुस्ती पहिल्या शक्यतेत करायची नाही. तिथे तुकडी नशिबासकट आलेल्या गुणांवरूनच ठरलेली असते, म्हणून ते गुण जसेच्या तसे वापरायचे.

फ्रेडरिक लॉर्ड यांनी 1967 मध्ये नेमकी हीच अडचण मांडली. विद्यापीठाच्या भोजनगृहात जेवणाऱ्या मुलामुलींची वजनं सप्टेंबरमध्ये आणि जूनमध्ये घेतली. दोन्ही गटांची सरासरी जशीच्या तशी राहिली. एक संख्याशास्त्रज्ञ म्हणाला, फरक काही नाही. दुसऱ्याने अँकोव्हा लावली आणि म्हणाला, सुरुवातीला सारखं वजन असलेल्यांत मुलांचं वजन मुलींपेक्षा जास्त वाढलं. याला लॉर्डचा विरोधाभास म्हणतात. आपल्या तयार तुकड्यांच्या प्रत्येक अभ्यासात तो लपलेला असतो.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले असते तर हा वाद उरला नसता. मग सुरुवातीचा फरक निव्वळ योगायोगाचा, दोन्ही पद्धती निःपक्षपाती, आणि अँकोव्हा जास्त अचूक. पाठ्यपुस्तकातला ‘अँकोव्हा वापरा’ हा सल्ला तिथे अगदी बरोबर आहे. तो न तपासता तयार तुकड्यांना लावला जातो, ही अडचण आहे. गुणवाढीलाही तिची अट आहे: दोन्ही चाचण्या एकाच मापाच्या हव्यात. पूर्वचाचणी अपूर्णांकांवर आणि उत्तरचाचणी बीजगणितावर असेल तर वजाबाकीला अर्थ नाही. अँकोव्हाला ती अट नाही.

R मध्ये या गोष्टी अशा दिसतात:

```
lm(post - pre ~ tukdi, data = d)
lm(post ~ pre + tukdi, data = d)
lm(post ~ pre * tukdi, data = d)
```

पहिली ओळ गुणवाढ, दुसरी अँकोव्हा. तिसरी ओळ दोन्ही तुकड्यांचे उतार सारखे आहेत का ते तपासते. ‘अ’ मध्ये 0.8 आणि ‘ब’ मध्ये 0.4 निघाला तर सरासरी 0.6 च येते, पण मग नव्या पद्धतीचा परिणाम हुशार मुलांवर एक आणि मागे असलेल्यांवर दुसरा, आणि एकच समायोजित फरक सांगणं दिशाभूल करणारं. काही जण गुणवाढ काढून तिच्यावर पुन्हा पूर्वचाचणीची अँकोव्हा करतात आणि ती तिसरी, मधली पद्धत समजतात. तुकडीच्या परिणामाचं उत्तर त्यात दुसऱ्या ओळीएवढंच येतं, दशांशापर्यंत.

गृहीतक पडताळायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन पूर्वचाचण्या. एक जूनच्या शेवटी, दुसरी गणेशोत्सवाच्या सुट्टीआधी. नवी पद्धत सुट्टीनंतर. या दोन चाचण्यांवर दोन्ही विश्लेषणं करून पाहायची. तोवर काही केलेलंच नसतं, म्हणून परिणाम शून्याजवळ यायला हवा. समजा जूनमध्ये मध्यमानं 14 आणि 20 होती, नंतर 18 आणि 24 झाली. गुणवाढ शून्य फरक दाखवते, उतार 0.6 असेल तर अँकोव्हा वजा 2.4 दाखवते. म्हणजे या शाळेत दरी आकसत नाही, आणि आधीचा वजा 0.4 विश्वास ठेवण्यासारखा नाही. जूनमध्ये 12 आणि 22 असती तर उलट घडलं असतं: अँकोव्हाचं उत्तर शून्य, गुणवाढीचं 4. अशा शाळेत गुणवाढीवर विसंबू नये. हे करायला एक जादा चाचणी पुरते, आणि मार्गदर्शकांनी आराखड्यातच ती मागावी असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र यातली कोणतीही पद्धत सोडवत नाही. प्रायोगिक बाजूला एक तुकडी आणि नियंत्रित बाजूला एक, एवढंच असेल तर 80 मुलांचे आकडे असले तरी स्वतंत्र एकक दोनच आहेत. ‘अ’ ला शिकवणाऱ्या बाई, दुपारच्या सत्राचा कंटाळा, वर्गातली गट्टी, हे सगळं नव्या पद्धतीबरोबर एकजीव झालेलं असतं, आणि संगणकाने दिलेली सार्थकता पातळी ते वेगळं करू शकत नाही. प्रत्येक बाजूला निदान काही तुकड्या, शक्य तर वेगवेगळ्या शाळांतल्या, मिळाल्या तरच तुकडीचा स्वतःचा चढउतार मोजता येतो. नाहीतर प्रबंधात दोन्ही पद्धतींची उत्तरं, उतार, चाचणीची विश्वसनीयता आणि तुकड्या कशा पडल्या होत्या हे सगळं लिहावं, आणि निष्कर्ष ‘या दोन तुकड्यांत असं दिसलं’ एवढाच ठेवावा.