पार्श्वभूमी : वॅकमधले ‘दोनास एक’ कुठून आले?

चाकणजवळचा सुटे भाग बनवणारा एक कारखाना नवी शेड आणि प्रेस लाइन टाकतो आहे, असे समजा. खर्च 60 कोटी. 40 कोटी बँकेचे टर्म लोन, 20 कोटी पदरचे. पुढच्या कमाईचे आजचे मूल्य ज्या दराने काढतात त्या डिस्काउंट रेटसाठी वॅक, म्हणजे कर्ज आणि भागभांडवल यांच्या खर्चाची वजनांनुसार सरासरी, काढायला बसले की प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा हेच आकडे वजने म्हणून उचलले जातात : दोन भाग कर्ज, एक भाग भागभांडवल. विस्ताराचा निर्णय घेताना हीच वजने लावावीत का, यावर वाद आहे.

ही सवय परवान्यांच्या काळात रुजली. 1947च्या कायद्याखाली शेअर काढायला सरकारी मंजुरी लागे आणि त्यावर अधिमूल्य किती घ्यायचे तेही दिल्लीतला नियंत्रक ठरवी. कारखान्यांना लांब मुदतीचे कर्ज विकास वित्तसंस्था देत. व्याजदर ठरलेले असत आणि कर्ज-भागभांडवलाचे प्रमाणही आखून दिलेले असे. त्यात 2:1 सगळ्यांच्या तोंडी बसले. कर्ज देणाऱ्याला एवढेच पाहायचे होते की हप्ते फिटतील का आणि मालकाचे पैसे किती अडकले आहेत. त्या प्रश्नाला हे प्रमाण चोख होते. विस्तार करावा की नाही, हा मालकाचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि त्यालाही तेच प्रमाण लावले गेले. 1992 मध्ये तो कायदा रद्द झाला, नियंत्रकाचे कार्यालय बंद झाले, पण रिपोर्टचा साचा तसाच राहिला.

तोवर दुसरीकडे सिद्धान्त बराच पुढे गेला होता. 1958 मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी मांडले की कर बाजूला ठेवला तर कर्ज वाढवल्याने एकूण भांडवल स्वस्त होत नाही. 1963 मध्ये त्यांनीच करामुळे पडणारा फरक त्यात दुरुस्त करून घातला. बाजार हलला की शेअर त्याच्या किती पट हलतो, हे मोजणारा बीटा 1964च्या सुमारास आला.

आपल्या कारखान्याचे गणित मांडले की हे डोळ्यांसमोर येते. कर्जाचा दर 9.5 टक्के, कर 25.17 टक्के, म्हणजे करानंतर कर्ज 7.1 टक्क्यांना पडते. सरकारी रोख्यांवरचा परतावा 7 टक्के आणि शेअर बाजाराचा जोखीम-अधिभार, म्हणजे रोख्यांपेक्षा जास्त अपेक्षित परतावा, 6.5 टक्के धरू. याच धंद्यातल्या नोंदणीकृत कंपन्यांचा बीटा 1.2 आहे आणि बाजारभावाने त्यांच्यात कर्ज 30, भागभांडवल 70 आहे, असेही धरू. मग भागभांडवलाचा खर्च 7 अधिक 1.2 गुणिले 6.5, म्हणजे 14.8 टक्के. 2:1ची वजने लावली तर वॅक 9.7 टक्के, 30:70 लावली तर 12.5.

शेडमधून दहा वर्षे दरसाल करानंतर 10 कोटी सुटणार असतील, तर 9.7 टक्क्यांनी त्यांचे आजचे मूल्य सुमारे 62 कोटी होते आणि प्रस्ताव पास. 12.5 टक्क्यांनी तेच 55 कोटी होते आणि प्रस्ताव नापास. यंत्रे तीच, गिऱ्हाईक तेच.

चूक नेमकी कुठे आहे? 1.2 हा बीटा 30:70च्या कंपन्यांचा आहे. 2:1 कर्ज डोक्यावर घेतलेल्या मालकाची जोखीम त्याहून खूप मोठी, कारण मंदी आली तरी व्याज आधी जाते आणि उरेल ते त्याचे. बीटामधून 30:70च्या कर्जाचा परिणाम काढून तो पुन्हा 2:1ला बसवला तर तो 2.27 होतो आणि भागभांडवलाचा खर्च जवळजवळ 21.7 टक्क्यांवर जातो. आता 2:1च्या वजनांनीही वॅक 12 टक्के येतो आणि प्रस्ताव पुन्हा नापास होतो. उरलेला अर्धा टक्का ही करातली बचत, आणि एवढे कर्ज असताना बँक 9.5 टक्क्यांवर थांबेलच असे नाही. म्हणून माझ्या मते कंपनी पुढची अनेक वर्षे जे प्रमाण राखणार आहे त्याचीच वजने घ्यावीत, तीही बाजारभावाने. यंदाचे टर्म लोन शेडच्या नावावर असले, तरी त्याने कर्ज काढण्याची सगळ्या कंपनीची ऐपत वापरली जाते. 2:1च ठेवायचे असेल तर बीटाही 2:1चा हवा. पत्रकात हे पकडणे सोपे आहे : कर्जाचे वजन बदलल्यावर भागभांडवलाचा खर्च जागचा हलला नाही, तर वॅक चुकला आहे.

अलीकडच्या वर्षांत यात कराची भर पडली. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांना सवलती सोडून देण्याच्या अटीवर 25.17 टक्क्यांचा पर्याय मिळाला. त्याआधी मोठ्या कंपन्यांना अधिभारासह जवळपास 35 टक्के पडत. जुन्या दराने आपले 9.5 टक्क्यांचे कर्ज करानंतर 6.2 टक्क्यांना पडले असते. म्हणजे कर कमी झाला तसा कर्जाचा हा फायदाही आटला, आणि जुनी पत्रके तो अजून पूर्वीच्याच दराने मोजतात. त्याच वेळी नव्या उत्पादक कंपन्यांसाठी 17.16 टक्क्यांचा दर आला. तो नव्याने स्थापन झालेल्या आणि 31 मार्च 2024पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या कंपन्यांपुरता होता. जुन्या कंपनीने आपल्याच आवारात टाकलेल्या नव्या शेडला तो लागत नाही.