क्रेडिट कार्डाची ‘५० दिवस बिनव्याजी’ मुदत: बिलाची तारीख, शेवटची तारीख आणि बिलिंग सायकल बदलण्याचा अर्ज

“बिल भरलं होतं, तरी व्याज कसं लागलं?” बँकेत वीस वर्षं काउंटरवर बसताना हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला. विचारणारी माणसं बेफिकीर नसायची. त्यांनी पैसे भरलेले असायचे, फक्त पूर्ण भरलेले नसायचे किंवा तारीख चुकीची धरलेली असायची. कार्ड देताना ‘५० दिवस बिनव्याजी’ हे सगळे सांगतात, पण ते कोणत्या अटीवर, हे कुणी समजावून सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला तयार होतं. ही स्टेटमेंट डेट. आदल्या महिन्याच्या १६ पासून या १५ पर्यंतची खरेदी त्या बिलात येते आणि हेच तुमचं बिलिंग सायकल. बिल भरायला २० दिवस मिळतात, म्हणजे १५ जुलैच्या बिलाची शेवटची तारीख, ड्यू डेट, ४ ऑगस्ट. आता १६ जूनला केलेल्या खरेदीचे पैसे ४ ऑगस्टला द्यायचे आहेत, म्हणजे ४९ दिवस मिळाले. १५ जुलैच्या खरेदीचे पैसेही ४ ऑगस्टलाच द्यायचे, म्हणजे जेमतेम २० दिवस. ५० दिवस ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येक खरेदीला मिळणारी मुदत नव्हे. मोठी खरेदी करायची असेल तर ती बिल तयार झाल्यावर दोन-तीन दिवसांनी करावी. अगदी सीमेवरच्या दिवशी करू नका, कारण दुकानातला व्यवहार कार्डाच्या खात्यात चढायला एखादा दिवस लागतो आणि तो कोणत्या बिलात जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. एटीएममधून कार्डावर काढलेल्या रोख रकमेला तर ही सवलत मुळीच नाही. तिच्यावर पैसे काढल्या दिवसापासून व्याज लागतं, शिवाय वेगळं शुल्कही.

आता सगळ्यात जास्त माणसं जिथे अडकतात ती जागा. बिनव्याजी मुदत मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच मिळते. थोडी जरी बाकी राहिली तरी ती स्थगित होते. कार्डाच्या ‘अत्यंत महत्त्वाच्या अटी’ या कागदात हे लिहिलेलं असतं, पण तो कागद कुणाच्याही घरी सापडत नाही.

वरच्याच कार्डावर २० जूनला ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १५ जुलैच्या बिलावर एकूण देय ३०,००० आणि किमान देय, मिनिमम ड्यू, १,५०० लिहिलेलं आहे. तुम्ही ४ ऑगस्टला २८,००० भरले आणि २,००० पुढच्या महिन्यावर ठेवले. मधल्या काळात १८ जुलैला मुलाची १५,००० रुपयांची फी याच कार्डावर भरली होती. व्याजाचा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. बऱ्याच कार्डांचा दर याच्याच आसपास असतो.

१५ ऑगस्टच्या बिलात व्याज दोन ठिकाणी दिसतं. उरलेल्या २,००० वर ते ५ ऑगस्टपासून मोजलं जात नाही, खरेदीच्या दिवसापासून, २० जूनपासून मोजलं जातं. ५६ दिवसांचे साधारण १२९ रुपये. शिवाय १५,००० च्या फीवरही १८ जुलैपासूनच्या २८ दिवसांचे सुमारे ४८३ रुपये, कारण तिची बिनव्याजी मुदत गेली. या ६१२ वर १८ टक्के जीएसटी धरून एकूण ७२२ रुपये. दोन हजार मागे ठेवल्याची ही किंमत. किमान देय रक्कम भरली की उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. हे वाक्य प्रत्येक बिलावर ठळक छापायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या महिन्यातही लोक गोंधळतात. ४ सप्टेंबरला तुम्ही १५ ऑगस्टचं बिल पूर्ण चुकतं केलं, तरी १५ सप्टेंबरच्या बिलात पुन्हा व्याज येतं. ही बँकेची चूक नसते. बिल १५ ऑगस्टपर्यंतचं होतं आणि १७,००० रुपये त्यानंतर ४ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे २० दिवस, थकलेलेच होते. त्याचं व्याज जीएसटीसह साधारण ४६२ रुपये होतं. तेही पूर्ण भरा आणि बाकी शून्य होईपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी करू नका, म्हणजे साखळी तुटते.

‘तीन दिवसांची सवलत’ हीसुद्धा नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच उशिराचा दंड लावता येतो आणि कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला कळवता येतं. ही सूट दंड आणि नोंदीपुरती आहे. व्याजासाठी ४ ऑगस्ट म्हणजे ४ ऑगस्टच. आणि पैसे त्या दिवशी कार्डाच्या खात्यात जमा व्हायला हवेत. दुसऱ्या अ‍ॅपवरून भरलेली रक्कम जमा व्हायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे तीन दिवस आधी भरलेलं बरं.

पगार ७ तारखेला आणि ड्यू डेट ४ ला, असं असेल तर दर महिन्याला ओढाताण होते. त्यासाठी सायकल बदलून घेता येतं. रिझर्व्ह बँकेच्या याच निर्देशांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार ही संधी निदान एकदा देणं बँकांना बंधनकारक आहे आणि त्यासाठी हेल्पलाइन, ईमेल, नेट बँकिंग, मोबाइल अ‍ॅप असे मार्ग ठेवायला सांगितलं आहे. कागदपत्रं लागत नाहीत, नोंदवलेल्या मोबाइलवरचा ओटीपी पुरतो. अर्ज मूळ कार्डधारकाने करावा, पुरवणी कार्डावरून नव्हे. थकबाकी असताना अर्ज केला की तो परत येतो असं मी अनेकदा पाहिलं आहे, म्हणून आधी बिल चुकतं करा. मागताना ‘ड्यू डेट बदला’ एवढंच न सांगता बिल कोणत्या तारखेला तयार व्हावं ते सांगा. वरच्या उदाहरणात बिल २० ला तयार झालं तर ड्यू डेट ९-१० च्या आसपास येते. बदलाच्या महिन्यात सायकल नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड होतं. त्या वेळी जुन्या तारखेच्या भरवशावर राहू नका, नवं बिल उघडून त्यावरची तारीख वाचा.

बिल पाठवायला उशीर झाला आणि भरायला पंधरवडाही मिळाला नाही, तर ती तुमची चूक नाही. व्याज लागण्याआधी किमान तेवढा अवधी मिळालाच पाहिजे. मात्र हेल्पलाइनवर नुसतं बोलून थांबू नका. लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक व तारीख जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे आधी बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीचा पुरावा मागतात आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो, कारण सगळं फोनवर झालेलं असतं.