गुण सारखे, जागा मोजक्या: वसतिगृहाच्या गुणवत्ता यादीत क्रमांक कसा लागतो

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या पेठांमधल्या लहानमोठ्या वसतिगृहांच्या कचेऱ्यांत अर्जांचे गठ्ठे येऊन पडतात. सोलापूर, बीड, धाराशिवकडची मुलं अकरावीसाठी शहरात येतात, जागा मोजक्या असतात आणि प्रवेश गुणवत्ता यादीवर होतो. अशाच एका विश्वस्त संस्थेच्या वसतिगृहाची यादी मी काही वर्षं करतो आहे. अर्ज करणाऱ्यांना आपला क्रमांक कसा ठरतो ते कळावं आणि माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी माझी चूक पुन्हा करू नये, यासाठी हे लिहितो आहे.

पात्रतेचे नियम संस्थेगणिक बदलतात. आमच्याकडे विद्यार्थी यंदा दहावी उत्तीर्ण झालेला असावा, त्याचं घर पुणे शहराबाहेर असावं आणि शहरातल्या कनिष्ठ महाविद्यालयात त्याचा अकरावीचा प्रवेश पक्का झालेला असावा, एवढ्याच अटी आहेत. अर्जासोबत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि अकरावी प्रवेशाची पावती लागते. यातली दोन कागदपत्रं नुसती फाईलला लावण्यासाठी नसतात. गुण बरोबरीचे झाले की गुणपत्रिकेवरचे विषयवार गुण आणि दाखल्यावरची जन्मतारीख यांवरच निकाल लागतो. म्हणून गुणपत्रिकेची प्रत विषयांचे आकडे स्वच्छ वाचता येतील अशीच जोडा. दाखला आणि आधार यांवरच्या जन्मतारखा वेगळ्या असतील, तर तसं अर्जातच लिहून द्या. आम्ही दाखल्यावरची तारीख धरतो.

आता यादीकडे वळू. समजा जागा ५ आहेत आणि अर्ज ८ आले आहेत. ५०० पैकी गुण असे आहेत: अर्ज क्रमांक १०१ ला ४६८, १०२, १०३ आणि १०४ या तिघांना ४६१, १०५ आणि १०६ या दोघांना ४५५, १०७ ला ४४८ आणि १०८ ला ४४०. एक्सेलमध्ये ए स्तंभात अर्ज क्रमांक, बी मध्ये एकूण गुण, सी मध्ये गणित, डी मध्ये विज्ञान आणि ई मध्ये जन्मतारीख भरली आहे. पहिली ओळ शीर्षकांची, नोंदी २ ते ९ या ओळींत.

बहुतेक जण पहिल्यांदा हे सूत्र लिहितात:

```
=RANK.EQ(B2,$B$2:$B$9)
```

यातून क्रमांक येतात १, २, २, २, ५, ५, ७, ८. बरोबरीच्या तिघांना एकच क्रमांक मिळतो आणि पुढचे दोन क्रमांक रिकामे जातात. हे काम `RANK.EQ` चोख करतं. जुन्या फाईलींमध्ये नुसतं `RANK` दिसेल, त्याचंही उत्तर हेच येतं. मोजून क्रमांक काढणारं सूत्रही इथे तेच उत्तर देतं, कारण ते फक्त आपल्यापेक्षा जास्त गुणांचे किती जण आहेत ते मोजतं आणि त्यात १ मिळवतं:

```
=1+COUNTIF($B$2:$B$9,">"&B2)
```

अडचण जागा वाटताना येते. ‘पहिल्या ५ क्रमांकांना प्रवेश’ असं नियमात लिहिलं असेल, तर या यादीत ५ किंवा त्याच्या आतला क्रमांक ६ जणांचा आहे. कोणी `RANK.AVG` वापरलं, तर बरोबरीच्यांना सरासरी क्रमांक मिळतो. तिघं ३ वर येतात, पुढचे दोघं ५.५ वर, आणि ५ च्या आत फक्त चौघं राहतात. कोणी क्रमांक न सोडता सलग यादी लावली, म्हणजे १, २, २, २, ३, ३, ४, ५ अशी, तर आठही जण ‘पहिल्या ५ क्रमांकांत’ बसतात. गुण तेच, जागा त्याच, पण सूत्र बदललं की प्रवेश चौघांना, सहांना किंवा आठांना. म्हणून आधी नियम लिहायचा आणि मग सूत्र निवडायचं. नियमातही ‘पहिले ५ क्रमांक’ असं न लिहिता ‘गुणवत्तेनुसार ५ विद्यार्थी’ असं लिहावं.

या उदाहरणात ४६१ गुणांच्या तिघांमध्ये पुढे कोण आणि मागे कोण, यानं प्रवेशाला काही फरक पडत नाही, तिघंही आत आहेत. खरा प्रश्न १०५ आणि १०६ यांचा आहे, कारण पाचवी जागा एकच आहे. बरोबरी जागांच्या शेवटच्या रेषेवर आली की ती सोडवावीच लागते.

इथेच माझी चूक झाली होती. एका वर्षी मी हे सूत्र वापरलं:

```
=RANK.EQ(B2,$B$2:$B$9)+COUNTIF($B$2:B2,B2)-1
```

प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळाला, यादी नीटनेटकी दिसली आणि मी ती फलकावर लावली. `COUNTIF($B$2:B2,B2)` हा भाग वरपासून या ओळीपर्यंत तेच गुण कितीदा आले ते मोजतो. म्हणजे ज्याची नोंद आधी टाईप झाली तो पुढे, एवढाच त्याचा अर्थ. गठ्ठ्यातला वरचा अर्ज आधी टाईप झाला म्हणून एका मुलीला जागा मिळाली आणि तेवढेच गुण असलेली दुसरी मुलगी प्रतीक्षा यादीत गेली. तिचे वडील कचेरीत आले. त्यांनी शांतपणे विचारलं, “साहेब, दोघींचे गुण सारखेच आहेत ना? मग माझी मुलगी खाली कशी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमात बरोबरीबद्दल एक ओळही नव्हती, आणि फाईल नावांनुसार लावून पाहिली तर क्रमांकच बदलले. तुमच्या यादीतही असं काही दडलेलं आहे का, हे बघायचं असेल तर हीच परीक्षा करा. ओळींचा क्रम बदला. त्यानं एखाद्याचा क्रमांक बदलला, तर निकाल गुणांवर नाही, नोंदीच्या क्रमावर लागतो आहे.

त्यानंतर आम्ही नियम लिहून घेतला: एकूण गुण सारखे असतील तर गणिताचे गुण पाहावेत, तेही सारखे असतील तर विज्ञानाचे, आणि तरीही बरोबरी राहिली तर वयानं मोठा असलेला विद्यार्थी पुढे. प्रत्येक प्रवेशाचा हा क्रम वेगळा असू शकतो. नीटमध्ये बरोबरी झाली की आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात. कोणता क्रम घ्यावा हे संस्थेनं ठरवावं, पण अर्ज मागवण्यापूर्वी ठरवावं आणि माहितीपत्रकात छापावं. अर्ज हातात आल्यावर ठरवलेला क्रम कितीही प्रामाणिक असला तरी त्यावर शंका घेतली जातेच.

हा नियम `RANK.EQ` ला सांगता येत नाही, कारण त्याला एकच स्तंभ दिसतो. मोजण्याच्या पद्धतीत मात्र नियमाची एकेक पायरी एकेक बेरीज होते:

```
=1+COUNTIFS($B$2:$B$9,">"&B2)
+COUNTIFS($B$2:$B$9,B2,$C$2:$C$9,">"&C2)
+COUNTIFS($B$2:$B$9,B2,$C$2:$C$9,C2,$D$2:$D$9,">"&D2)
+COUNTIFS($B$2:$B$9,B2,$C$2:$C$9,C2,$D$2:$D$9,D2,$E$2:$E$9,"<"&E2)
```

वाचायला ते लांब वाटतं, पण प्रत्येक ओळ एकच प्रश्न विचारते. एकूण गुण जास्त असलेले किती? एकूण तेवढेच पण गणितात जास्त असलेले किती? दोन्ही तेवढेच पण विज्ञानात जास्त असलेले किती? तिन्ही तेवढेच पण जन्म आधी झालेले किती? आपल्या पुढे असलेल्यांची ही बेरीज, त्यात १ मिळवला की आपला क्रमांक.

४६१ च्या तिघांत १०२ ला गणितात ९४ आणि विज्ञानात ९२, १०३ ला गणितात ९४ आणि विज्ञानात ९५, १०४ ला गणितात ८९ आहेत. १०३ च्या पुढे फक्त १०१ आहे, म्हणून त्याचा क्रमांक २. १०२ च्या पुढे १०१ आणि विज्ञानामुळे १०३, म्हणून क्रमांक ३. १०४ चा क्रमांक ४. आता १०५ आणि १०६ कडे बघा: दोघांनाही गणितात ९१ आणि विज्ञानात ९० आहेत. १०५ चा जन्म १४ नोव्हेंबर २००९ चा आणि १०६ चा ३ फेब्रुवारी २००९ चा. म्हणून १०६ पाचवा आणि १०५ सहावा. माझ्या जुन्या सूत्रानं जागा १०५ ला गेली असती.

क्रमांक तयार झाले की त्यांची बेरीज करून पाहा. ८ जणांना १ ते ८ असे वेगवेगळे क्रमांक मिळाले तर बेरीज ३६ येते. बरोबरी उरली असेल तर ती ३६ पेक्षा कमी भरते. `RANK.EQ` च्या यादीची बेरीज ३२ होते.

बेरीज कमी भरली आणि जन्मतारखा तर वेगळ्या दिसत आहेत, तेव्हा तारखांचा स्तंभ तपासा. संगणकाची सेटिंग महिना आधी अशी असेल, तर 14/11/2009 ही तारीख न राहता नुसता मजकूर होते, कारण चौदावा महिना नसतो. मग तारखांची तुलनाच होत नाही आणि १०५ व १०६ दोघंही पाचवे दिसतात. 03/02/2009 चं तर गुपचूप २ मार्च होतं. गुणांचंही तसंच आहे. गुणपत्रिकेत चित्रकला किंवा खेळाचे वाढीव गुण मिळालेला विद्यार्थी अर्जात ४५२+५ असं लिहितो, ते तसंच टाईप केलं की तो मजकूर होतो, मोजणीतून सुटतो आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. वाढीव गुण धरायचे की नाही हे नियमात असावं आणि नोंद एकाच आकड्याची असावी. हे सूत्र ० दाखवेल तेव्हाच पुढे जावं:

```
=COUNTA(B2:B9)-COUNT(B2:B9)
```

सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी छापलेली नसते, त्यामुळे वेगवेगळ्या मंडळांचे अर्ज एकत्र आले की टक्केवारी आपणच काढतो. त्यात दशांशाची शेपटी लांबते. `">"&B2` लिहिताना एक्सेल त्या संख्येचं आधी मजकुरात रूपांतर करतं आणि फार तर १५ अंक ठेवतं, म्हणून अशा संख्यांची तुलना चुकू शकते. टक्केवारी `ROUND` नं दोन दशांशांपर्यंत आणूनच क्रमांक काढा, आणि माहितीपत्रकातही दोन दशांश असंच लिहा.

तात्पुरती यादी लावताना आम्ही आता क्रमांकाशेजारी गणित, विज्ञान आणि जन्मतारीख हे रकानेही छापतो आणि हरकतींसाठी तीन दिवस ठेवतो. हरकत लेखी द्यायची, सोबत गुणपत्रिका किंवा दाखला जोडायचा. अंतिम यादी त्यानंतरच लागते.

एवढं करूनही एक बरोबरी सुटत नाही. जुळी भावंडं अर्ज करतात, गुण आणि विषय जुळतात, जन्मतारीख तर एकच असते. तेव्हा दोघांना तोच क्रमांक राहू द्यावा. ते जागांच्या रेषेवर आले, तर आमच्या नियमानुसार विश्वस्त एक जागा वाढवतात आणि तशी नोंद कार्यवृत्तात करतात.