टीव्हीत दिसलेलं खेळणं दोन वर्षांच्या मुलाला खोलीत का सापडत नाही?

जॉर्जीन ट्रोसेथ आणि जूडी डिलोश या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एक प्रयोग छापला. शेजारच्या खोलीत एक बाई खेळणं लपवतेय आणि दोन वर्षांचं मूल ते टीव्हीवर टक लावून बघतंय, मग त्याला म्हणायचं जा शोध, तर ही मुलं अर्ध्याहून जास्त वेळा भलतीकडेच शोधायची. तेच खिडकीतून बघितलं की मात्र बरोबर जागी जायची! अडीच वर्षांच्या मुलांना टीव्हीवर बघूनही बऱ्यापैकी जमलं.

म्हणजे लक्ष होतं, आठवणही होती. पण स्क्रीनवरचं जे चाललंय ते आपल्या खोलीतलंच आहे, हा दुवा या वयात नीट जुळलेला नसतो. आणि त्यात मुलाचं काही चुकत नाही, तुमचंही नाही.

मग २००६ मध्ये ट्रोसेथच्या टीमने थोडा बदल केला. स्क्रीनवरची बाई आधी पाच मिनिटं मुलाशी लाईव्ह बोलली, नावाने हाक मारली, त्याच्या उत्तरावर उत्तर दिलं, आणि नंतर खेळणं कुठे आहे ते सांगितलं तर मुलांना ते जास्त वेळा सापडलं. स्क्रीन तीच, फक्त समोरचं माणूस प्रतिसाद देत होतं. बालरोगतज्ज्ञसुद्धा दीड वर्षाखालच्या मुलांसाठी स्क्रीन टाळा म्हणतात तेव्हाही व्हिडिओ कॉलला सूट देतात, त्यामुळे आजीशी कॉलवर बोलणं बिनधास्त चालू द्या.

घरी हा प्रतिसाद तुम्हीच देऊ शकता. समजा व्हिडिओत बॉल आला, तर पॉज करा, "आपला बॉल कुठेय?" विचारा, मूल बोट दाखवेल किंवा नुसतं तुमच्याकडे बघेल, थोडं थांबा, मग खरा बॉल हातात द्या. दरवेळी नाही जमणार, स्वयंपाक करताना तर नाहीच, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही.

आकड्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तर अजून बरं, असं सुचवलं आणि त्यामागचा पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. बरेच अभ्यास फक्त संबंध दाखवतात, म्हणजे स्क्रीनमुळे मूल चिडचिडं झालं की मूळच्या चिडचिड्या मुलाला शांत करायला स्क्रीन जास्त दिली गेली, हे त्यातून सुटं करता येत नाही. त्यामुळे एखाद दिवशी दीड तास झाला तर लगेच हिशेब मांडत बसू नका. झोप, हुंदडणं आणि माणसांशी बोलणं यातलं काही रोजच कमी पडतंय का, एवढं बघा.

आणि बोलणं उशिरा येतंय असं वाटत असेल तर सगळं मोबाईलवर ढकलून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या, कारण ऐकू कमी येणं घरी सहज लक्षात येत नाही.