बायकार्बोनेट जास्त आलं तरी रक्त आंबट कसं? मागची गोष्ट

आमची मावशी चोपड्याकडची, उभा जन्म चुलीपुढे गेला, पऱ्हाट्या न तुरकाठ्या जाळून भाकरी, भरीत, सगळं त्याच्यावर. फुप्फुसं कायमची खराब झाली. गेल्या हिवाळ्यात ती अशी गुंगीत गेली की हाक मारली तरी नुसतं हं करायची. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून रिपोर्ट आला: पीएच ७.२५, म्हणजे नेहमीच्या ७.४ च्या खाली, रक्त आंबट झालेलं, कार्बन डायऑक्साइडचा दाब ८०, बायकार्बोनेट ३४. मावसभाऊ म्हणे, बायकार्बोनेट म्हणजे सोड्यातलंच ना, ते २४ पाहिजे न ३४ आहे, मग रक्त आंबट कसं?

हीच चूक १९५२ मध्ये कोपनहेगनला मोठमोठ्या डॉक्टरांची झाली होती. पोलिओची साथ होती, श्वासाचे स्नायू गेलेले पेशंट ब्लेगडाम हॉस्पिटलात येत होते, आणि पहिल्या ३१ जणांपैकी २७ वारले. लॅबमध्ये तेव्हा रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजायचे, तो जास्त यायचा, आणि त्यातला बहुतेक बायकार्बोनेटच असतो म्हणून रक्त अल्कली झालंय असं समजायचे. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, तसं नाही, श्वास पुरत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड गॅस साठतोय. पीएच मोजला तर रक्त आंबटच निघालं! २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र करून हाताने पिशवी दाबून श्वास दिला, ती वाचली. मग मेडिकलची पोरं पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसली.

गोम कुठे आहे बघा. पेशींतून निघालेला गॅस तांबड्या पेशीत शिरतो, तिथे कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम (हे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजला सापडलं) त्याची पाण्याशी झटक्यात गाठ घालतं, आणि एक बायकार्बोनेट न एक हायड्रोजन आयन तयार होतो. हायड्रोजनला हिमोग्लोबिन धरून ठेवतं, बायकार्बोनेट बाहेर प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात जातं, बदल्यात क्लोराइड आत येतं. साधारण ७० टक्के गॅस असाच फुप्फुसापर्यंत जातो, तिथे सगळं उलटं होऊन श्वासातून बाहेर. म्हणजे गॅस साठला की बायकार्बोनेट वाढतं खरं, पण जोडीला रक्त आंबट करणारा हायड्रोजनही वाढतो, आणि हिमोग्लोबिन तरी किती धरणार.

म्हणून एकटा आकडा बघून चालत नाही, बायकार्बोनेट विरघळलेल्या गॅसच्या किती पट आहे ते प्रमाण बघायचं, हे हेंडरसन आणि हॅसलबाल्ख या शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९१६ च्या दरम्यानच मांडून ठेवलं होतं. दाबाला ०.०३ ने गुणलं की विरघळलेला गॅस मिळतो. निरोगी माणसात ४० चे १.२, त्यावर बायकार्बोनेट २४, म्हणजे वीसपट, पीएच ७.४. मावशीचे ८० चे २.४ झाले आणि ३४ म्हणजे फक्त चौदापट. किडनीने कित्येक महिने बायकार्बोनेट राखून ठेवलं होतं म्हणून ३४ तरी होतं, नाहीतर पीएच अजून खाली गेला असता.

तिला सोडा दिला नाही, घट्ट मास्क लावून मशीनने श्वास दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब ५८, पीएच ७.३८, आणि बायकार्बोनेट ३३, जवळपास होतं तेवढंच. मावशी डोळे उघडून चहा मागत होती.